शेजारच्या बोअरची उपसा चाचणी: नवा बोअर घेण्याआधी करायचं काम

बोअरची गाडी दांडे उतरवते, कॉम्प्रेसर सोडते, पांढऱ्या फुफाट्यानंतर गढूळ पाणी उसळतं, आणि गाडीवाला सांगतो, "तीन इंच पाणी आहे, मालक." आमच्या वडिलांनीही हे ऐकलं होतं. त्याच आठवड्यात साडेसात एचपीची मोटर, पाईप, केबल आणि स्टार्टर अशी खरेदी झाली. मोटर चाळीस मिनिटं चालली आणि गुळण्या टाकायला लागली. गाडीवाला खोटं बोलला असं मी आज म्हणणार नाही. त्यानं त्या क्षणी बाहेर येणारं पाणी पाहिलं होतं. आम्हाला हवं होतं ते मे महिन्यात रोज आठ तास मिळणारं पाणी, आणि ती वेगळी मोजणी आहे.

ती मोजणी बोअर घेतल्यावर करता येते, पण तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून या लेखात आधी करायची चाचणी सांगतो. आपण जिथे पॉइंट धरला आहे, त्याच्या जवळचा चालू बोअर आठ तास चालवून पाहायचा. खर्च किरकोळ आहे. लागतात दहा-बारा दिवस आणि शेजाऱ्याची परवानगी.

गाडीवाल्याचा इंच म्हणजे नेमकं काय

आधी त्याला विचारा की इंच कशावर मोजला. कोणी पाईपच्या तोंडाकडे पाहून अंदाज सांगतं, तर कोणी पत्र्याच्या व्ही आकाराच्या खाचेतून पाणी सोडून, खाचेत किती इंच चढलं ते पाहतं. दुसरी पद्धत चांगली आहे, पण तिच्यातला इंच सरळ हिशेबानं वाढत नाही. काटकोनी खाचेत २ इंच पाणी म्हणजे मिनिटाला साधारण ४८ लिटर, आणि ३ इंच म्हणजे साधारण १३० लिटर. एका इंचाच्या फरकात पाणी जवळपास पावणेतीनपट होतं.

शिवाय कॉम्प्रेसर बोअरमधलं सगळं पाणी तळापासून उडवतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत नळीत साठलेलं पाणी बाहेर येतं आणि झऱ्याच्या अगदी जवळच्या फटींमधलंही येतं. इथे एक आकडा पाठ करून ठेवा: साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं. पाणी ९० फुटांवर आणि मोटर २४० फुटांवर असेल, तर मधल्या १५० फुटांत जेमतेम ९७५ लिटर असतात. मिनिटाला १०० लिटर फेकणारी मोटर एवढं पाणी दहा मिनिटांत संपवते. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांच्या धारेवरून बोअर चांगला की वाईट ते ठरत नाही. "अजून शंभर फूट खाली घ्या" या सल्ल्यालाही हाच हिशेब लावा. त्या शंभर फुटांत नवा झरा लागला नाही, तर तुम्ही फुटाचा भाव मोजून ६५० लिटरची, म्हणजे सव्वातीन ड्रमांची, टाकी विकत घेतलेली असते. आणि २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल जायला मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

शेजारचा बोअर आपल्याबद्दल काय सांगतो

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला आहे. वर माती आणि मुरूम, खाली कधी मांजऱ्या, कधी काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल गेरूचा पट्टा. काळ्या अखंड पाषाणात पाणी जवळपास नसतं. ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत असतं.

तेव्हा आधी परिसरातले पाच-सहा बोअरवाले गाठा आणि प्रत्येकाला एकच विचारा: "पाणी किती फुटांवर लागलं होतं?" बोअरची एकूण खोली विचारू नका, तिचा इथे उपयोग नाही. मग जमिनीचा चढउतार वजा करा. तुमच्या रानापेक्षा शेजारचं रान दहा फूट उंच असेल, तर त्याचे १७५ फूट म्हणजे तुमचे १६५. बांधकामावर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी या मोजणीला पुरते.

उंची जुळवल्यावर बहुतेकांचं पाणी एकाच पातळीच्या आसपास येत असेल, तर तो दोन थरांमधला सांधा असण्याची शक्यता मोठी आहे. असा सांधा दूरवर पसरलेला असतो आणि शेजारच्या बोअरची चाचणी तुम्हाला बरंच काही सांगते. एकाचं ७० वर, दुसऱ्याचं १९० वर आणि तिसरा कोरडा, असं असेल तर पाणी उभ्या भेगांत आहे. तिथे पन्नास फुटांवरचा बोअरही कोरडा जाऊ शकतो. अशा जागी शेजारच्या चाचणीवर फार विसंबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथे जाऊन गावाची माहिती विचारा आणि मगच पुढचं ठरवा.

चाचणीची तयारी

चाचणी एप्रिल-मे मध्येच करा. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक बोअर राजा असतो.

सामान थोडं आहे: २०० लिटरचा ड्रम, मोबाइलचं घड्याळ, वही, एक मल्टिमीटर, बोअरच्या खोलीएवढी दोन तारांची पातळ वायर आणि तेवढीच १६ मिलिमीटरची साधी ड्रिपची नळी. ड्रिपर बसवलेली नळी घेऊ नका, वायर आत अडकते.

नळी कशासाठी ते सांगतो. बोअरमध्ये नुसती वायर सोडली तर ती मोटरच्या केबलला, दोरीला किंवा पाईपच्या जोडाला अडकते. शिवाय वरच्या पाझरांचं पाणी तिच्यावर ठिबकतं आणि पाणी लागलं नसताना लागल्याचं दाखवतं. नळीच्या खालच्या टोकाला बोटभर लांबीचा सळईचा तुकडा पक्का बांधा, खालच्या दोन फुटांत तापवलेल्या खिळ्यानं आठ-दहा भोकं पाडा आणि ती हळूहळू मोटरच्या थोडं वरपर्यंत सोडा. जोर लावू नका. उतरत नसेल तर पुढच्या वेळी मोटर काढाल तेव्हा पाईपलाच बांधून सोडा आणि कायमची राहू द्या.

वायरची खालची दोन टोकं अर्धा इंच सोलून, एकमेकांना न चिकटतील अशी शेजारी बांधा. वरची टोकं मल्टिमीटरला जोडा आणि तो रोधाच्या खुणेवर ठेवा. टोकं पाण्याला टेकली की आकडा एकदम खाली येतो. वायरवर दर पाच फुटांना रंगीत चिकटपट्टी लावली की मधले फूट टेपनं मोजता येतात. टेकलं, वर ओढलं, पुन्हा टेकलं, असं दोनदा पाहूनच आकडा लिहा.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती गोष्ट. चाचणीच्या आधी किमान वीस तास तो बोअर बंद हवा आणि आजूबाजूचे बोअरही बंद हवेत. आपल्याकडे बहुतेक स्टार्टरना ऑटो स्विच असतो. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी आपोआप सुरू होतात, मालक घरी असला तरी. म्हणून आदल्या दिवशी जवळच्या प्रत्येक पेटीपाशी जाऊन ऑटो बंद करा. नाहीतर शेजाऱ्याच्या उपशानं उतरलेली पातळी तुम्ही या बोअरच्या नावावर लिहाल.

उपसलेलं पाणी पाईपनं लांब न्या, उताराच्या बाजूला, निदान शे-दीडशे मीटर. बोअरजवळच सोडलं तर ते मुरमातून परत खाली जातं आणि बोअर खोटा चांगला दिसतो. जवळ प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर उत्तम, पाणी झिरपत नाही आणि वायाही जात नाही.

मोटर सौर पंपावर असेल तर ऊन चढेल तशी धार बदलते आणि वाचनांचा अर्थ लागत नाही. एक दिवस लाईटवर किंवा जनरेटरवर चालवा.

चाचणी

सकाळी मोटर सुरू करण्याआधीची पातळी लिहा. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून मोटर सुरू करा. पातळी उतरते तशी मोटरची धार कमी होते, तेव्हा तो थोडा थोडा उघडून धार सारखी ठेवायची असते. सुरुवातीलाच पूर्ण उघडला तर ही सोय राहत नाही. ड्रम किती सेकंदांत भरतो ते दर अर्ध्या तासाला पाहा. दोन मिनिटांत भरला तर मिनिटाला १०० लिटर. ड्रमवरच्या छापील आकड्यावर जाऊ नका, एकदा बादलीनं मोजून खूण करून घ्या.

पातळीची वाचनं आधी दाट आणि मग विरळ घ्यायची: १०, ३०, ६०, १२०, २४० मिनिटांना, मध्ये जमतील तेवढी. अर्ध्या तासापासून पुढे वेळ दुप्पट होत जाते हे मुद्दाम आहे, त्याचं कारण खालच्या उदाहरणात दिसेल. जास्तीत जास्त आठ तास चालवा. थ्री फेज तेवढीच मिळते आणि पुढे तुम्ही बोअर तसाच वापरणार आहात.

घनसावंगी तालुक्यातली एक चाचणी

माझ्या दाजींना दोन एकर मोसंबी लावायची होती. वीस बाय वीस फुटांवर एकरी १०८ झाडं. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला १२० लिटर धरले, तर एकराला १३ हजार आणि दोन एकरांना २६ हजार लिटर. पॉइंट धरून झाला होता, पाणाड्यानं नारळ उभा करून दाखवला होता, गाडीवाल्याला इसार द्यायचा बाकी होता. शेजारीच त्यांचे चुलतभाऊ अण्णा यांचा वीस वर्षांपूर्वीचा २८० फुटांचा बोअर. त्यावर त्यांची एक एकर मोसंबी आहे. अण्णा म्हणाले, "आपल्या बोअरचं पाणी कधी तुटलं नाही. रोज दोन तास चालतो, तोटा नाही." मी विचारलं, "आठ तास कधी चालवलात का?" ते म्हणाले, "गरजच काय पडली?"

आसपासच्या चार बोअरचं पाणी, उंची जुळवल्यावर, १६० ते १७० फुटांत लागलेलं होतं. अण्णांचं १६५ ला. मोटर २४० फुटांवर. मे महिन्यातली सकाळ, मिनिटाला १०० लिटरची धार. वहीतली वाचनं अशी:

| मिनिटं | पाणी जमिनीपासून किती फूट खाली |
|---|---|
| ० | ९२ |
| १० | ११९ |
| ३० | १३६ |
| ६० | १४६ |
| १२० | १५४ |
| २४० | १६४ |
| २७० | १७८ |
| ३०० | २०३ |
| ३१५ | पाणी तुटलं |

अर्ध्या तासापासून पुढे पाहा. ३० मिनिटांची ६० झाली तेव्हा पातळी १० फूट उतरली, ६० ची १२० झाली तेव्हा ८ आणि १२० ची २४० झाली तेव्हा १०. वेळ दुप्पट झाली की उतार जवळपास सारखाच. धडधाकट झऱ्याची हीच खूण, उतार प्रत्येक तासाला मंदावत जातो. याच चालीनं आठ तासांना पातळी १७४ च्या आसपास असायला हवी होती. पण १६४ नंतर पुढच्या अर्ध्या तासातच ती १४ फूट उतरली आणि त्यापुढच्या अर्ध्या तासात २५. झरा १६५ ला आहे. पाणी त्याच्या वर असेपर्यंत झऱ्यावर दाब असतो. पातळी झऱ्याच्या खाली गेली की सांधा स्वतःच रिकामा व्हायला लागतो, आणि बोअर कितीही खोल असला तरी येणारं पाणी आणखी वाढत नाही. अण्णा दोन तासांत मोटर बंद करत होते, म्हणून ही जागा त्यांना वीस वर्षांत दिसली नव्हती.

शेवटच्या अर्ध्या तासाचा एक हिशेब दाजींनीच काढला. १७८ वरून २०३, म्हणजे २५ फूट गुणिले साडेसहा, सुमारे १६० लिटर नळीतले. उपसले ३००० लिटर. म्हणजे उरलेले २८०० च्या वर अजूनही झऱ्यातूनच येत होते! "मग हा मिनिटाला ९०-९५ लिटरचा बोअर झाला की," ते म्हणाले. त्या दिवसापुरतं ते खरं होतं. पण महिन्याचं उत्तर मोटर बंद केल्यावर मिळतं.

पातळी परत किती येते

मोटर बंद करून लोक घरी जातात आणि अर्धी चाचणी तिथेच सोडतात. बोअर मोठ्या साठ्याला जोडलेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मूळ जागी, किंवा फूटभर खाली, परत येतं. अण्णांच्या बोअरमध्ये दुसऱ्या सकाळी पाणी ९२ ऐवजी १०१ फुटांवर होतं. एका दिवसाच्या उपशाची नऊ फूट उधारी. ९३ वर यायला आणखी दोन दिवस गेले.

मग व्हॉल्व्ह दाबून मिनिटाला ६० लिटरवर आठ तास चालवला. संध्याकाळी पातळी १३८, झऱ्याच्या बरीच वर. दिवसाचे २८,८०० लिटर! दाजींचा चेहरा उजळला. पण तीन दिवस तसंच चालवलं तेव्हा सकाळच्या पातळ्या आल्या ९३, ९५, साडेशहाण्णव आणि ९८. रोज दीड-दोन फूट खाली. तिसऱ्या संध्याकाळी पातळी १४३ होती, म्हणजे झऱ्यापर्यंत २२ फूट उरले होते. दिवसाला दीड फूट धरला तरी दोन आठवड्यांत संपतात, आणि पावसाला महिना होता.

दोन दिवस विश्रांती देऊन मिनिटाला ४० लिटरवर चालवला. सकाळच्या पातळ्या ९५, साडेपंचाण्णव, ९६ आणि पुन्हा ९६. इथे पाणी टेकलं. चाळीस लिटर गुणिले आठ तास म्हणजे दिवसाला १९,२०० लिटर. माझ्या मते बोअरचं खरं पाणी हेच, ज्या उपशाला मे महिन्यात सकाळची पातळी खाली सरकत नाही ते. एकाच दिवसाची चाचणी करून थांबलो असतो तर आम्ही याच्या सव्वादोनपट आकडा धरून बसलो असतो.

आपला पॉइंट त्याच पाण्यावर आहे का

दाजींच्या बांधाला, अण्णांच्या बोअरपासून दोनशे फुटांवर, मोटर नसलेला एक जुना बोअर होता. नवा पॉइंट त्याच्या जवळच धरलेला. पहिल्या दिवशी आम्ही त्यातही दर तासाला वायर सोडत होतो. सकाळी पाणी ८८ फुटांवर होतं, अण्णांच्या बोअरचं पाणी तुटलं तेव्हा ९१ वर. त्यातून कोणी थेंबही उपसला नव्हता. म्हणजे दोन्ही बोअर एकाच सांध्यावर होते. तिथे नवा बोअर घेतला असता तर १९ हजारांचे ३८ हजार झाले नसते, तेच १९ हजार दोन मोटरींत वाटले गेले असते.

जुना बोअर नसेल तर बंद ठेवलेल्या कोणत्याही शेजारच्या बोअरमध्ये किंवा विहिरीत ही मोजणी करता येते. फक्त एक ध्यानात ठेवा. आठ तासांत पातळी हलली नाही म्हणून दोन्ही पाणी वेगळी आहेत, असं खात्रीनं म्हणता येत नाही. अंतर जास्त असेल तर परिणाम पोचायला दिवस लागतात. हलली तर मात्र संबंध पक्का.

सगळं पाहूनही नवा बोअर घ्यायचा ठरला, तर गाडीसोबत कोणीतरी वही घेऊन थांबा. दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवा आणि पाणी नेमकं किती फुटांवर लागलं ते लिहा. मोटर लगेच विकत घेऊ नका. भाड्याची मोटर टाकून याच पद्धतीनं तीन दिवस चालवा आणि मगच एचपी ठरवा. मोटरीची खोलीही याच वाचनांवरून ठरते. ती झऱ्याच्या थोडी खाली असली तर बिघडत नाही, पण रोजच्या उपशात पाणी झऱ्याच्या दहा फूट वर थांबेल एवढाच व्हॉल्व्ह उघडा आणि त्याच्या दांड्यावर रंगाची खूण करून ठेवा.

अण्णांच्या एकराला १३ हजार लिटर जातात, उरतात सहा. एवढ्यात जेमतेम अर्धा एकर मोसंबी बसते, आणि झाड एकदा लावलं की पुढची पंधरा वर्षं प्रत्येक मे महिन्यात त्याला पाणी मागावं लागतं. दाजींनी गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं आणि त्या दोन एकरांत तूर घेतली. अण्णांनी व्हॉल्व्हवर ४० लिटरची लाल खूण केली आहे. नळी बोअरमध्येच ठेवली आहे, आणि मोटरीच्या पेटीत वही लटकवली आहे, तिच्यात ते दर सोमवारी मोटर सुरू करण्याआधीची पातळी लिहितात.